रागाने लिहिलेला हॉटेलचा रिव्ह्यू दुरुस्त कसा करावा: वाईट जेवण वाईटच राहील, पण न्याय होईल

हॉटेलात वाईट जेवलेल्या माणसाचा रिव्ह्यू दोन प्रकारे फसतो. एकतर तो रागात जसा आला तसाच टाकला जातो. नाहीतर कुणीतरी 'जरा सौम्य कर' म्हणतं, मग लिहिणारा प्रत्येक वाक्यात 'थोडं', 'कदाचित', 'तसं बरं होतं' पेरतो आणि शेवटी जेवण कसं होतं तेच कळेनासं होतं. दुसरी चूक मला जास्त दिसते. रिव्ह्यू न्याय्य करायचा म्हणजे त्याची धार बोथट करायची, अशी समजूत त्यामागे असते.

खाली माझाच एक मसुदा घेतला आहे. जुलैतला रविवार, पुण्यातली एक मालवणी खानावळ, आम्ही पाच जण. नाव देत नाही, ते इथे लागणारही नाही. घरी आल्यावर मी मोबाइलवर हे लिहिलं होतं:

"पैसे अक्षरशः पाण्यात! मालवणी म्हणवून घेणारी ही जागा म्हणजे निव्वळ लूट आहे. सुरमई शिळी, आठवडाभर फ्रीजमध्ये पडलेली. तिसऱ्यांत चमचाभर वाळू. सोलकढी म्हणजे गुलाबी पाणी, नक्कीच पावडरची. तासभर कुणी विचारलं नाही. वेटरला मराठी येत नाही. रात्री आईचं पोट बिघडलं, सरळसरळ फूड पॉयझनिंग! बिलात गुपचूप सर्व्हिस चार्ज घुसडला. मालकाला फक्त पैसा दिसतो. कुणीही जाऊ नका. एक स्टारसुद्धा जास्तच आहे."

सुदैवाने हे टाकलं नाही. आता याचं काय करायचं ते क्रमाने पाहू. क्रम बदलू नका. बहुतेक जण थेट शब्द बदलायला बसतात, आणि ते काम खरं तर पाचव्या टप्प्यावर येतं.

## तयारी: कागद आणि वेळा आधी गोळा करा

मसुदा त्याच दिवशी लिहा, पण टाकू नका. चवीची आठवण दुसऱ्या दिवशीच पुसट होते, म्हणून जे लागलं ते लगेच नोंदवून ठेवायचं. दुरुस्तीला मात्र रात्र गेल्यावरच बसायचं.

चार गोष्टी समोर ठेवा: बिल, मोबाइलमधले फोटो, पैसे भरल्याचा मेसेज आणि सोबत जेवलेल्यांची आठवण. फोटोंवर वेळ असते. आमचा टेबलावर बसल्याचा फोटो १:५०चा होता आणि थाळीचा २:२७चा. म्हणजे माझा 'तासभर' प्रत्यक्षात ३७ मिनिटांचा होता. रविवारी दुपारी भरलेल्या हॉटेलात ३७ मिनिटं ही तक्रार होऊ शकते, पण ती तासाची तक्रार नव्हे.

मग बिल ओळीने वाचा. आमचं असं होतं: सुरमई थाळी ३, प्रत्येकी ४८० रुपये. बांगडा थाळी २, प्रत्येकी ३५० रुपये. तिसऱ्यांचं सुकं एक, ३२० रुपये. एकूण २४६० रुपये. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि ५ टक्के जीएसटी.

ती ३२०ची ओळ वाचताना मी थांबलो. तिसऱ्यांत रेव लागली म्हणून आम्ही वेटरला सांगितलं होतं. त्याने निम्मी भरलेली बशी उचलून नेली, बदली बशी आणली नाही, आणि पैसे मात्र पूर्ण लागले. ही त्या दुपारची सगळ्यात पक्की तक्रार, आणि माझ्या मसुद्यात तिचा पत्ताच नव्हता. रागात माणूस लिहितो ते त्याला टोचलेलं असतं. नेमकं काय चुकलं ते बऱ्याचदा बिलात सापडतं.

तपासणी: सोबतच्या प्रत्येकाला वेगळं विचारा, 'तुझ्या ताटात काय कसं होतं?' सगळ्यांना एकत्र विचारलं की सगळे पहिल्या बोलणाऱ्याच्या सुरात सूर मिसळतात.

## टप्पा १: प्रत्येक वाक्याला खूण करा

मसुदा कागदावर उतरवा आणि प्रत्येक वाक्यापुढे तीनपैकी एक खूण घाला. 'च' म्हणजे मी स्वतः चाखलं, पाहिलं किंवा मोजलं. 'अं' म्हणजे अंदाज. 'र' म्हणजे राग.

माझ्या मसुद्यात 'र' सहज सापडले: पैसे पाण्यात, लूट, मालकाला फक्त पैसा दिसतो, एक स्टारही जास्त. मालकाच्या मनात काय आहे हे मला ताटावरून कळणार नव्हतं. वेटरच्या मराठीचं वाक्य मी कोणतीही खूण न करता खोडलं. त्याने ऑर्डर बरोबर घेतली होती. त्याची भाषा आमच्या जेवणाच्या आड आली नव्हती. आली असती, म्हणजे सुरमई सांगून पापलेट आलं असतं, तर 'ऑर्डर चुकली' एवढंच लिहायचं होतं.

अवघड गेलं ते 'च' आणि 'अं' वेगळं करणं. 'सुरमई शिळी' याला मी आधी ठामपणे 'च' दिला होता. मीच खाल्ली होती ना! पण शिळेपणा मी चाखला नव्हता. मी चाखला होता कोरडेपणा.

इशारा: 'नक्कीच', 'सरळसरळ', 'उघड आहे' हे शब्द दिसले की ते वाक्य बहुधा अंदाज असतं. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला 'नक्कीच' लावायची गरज पडत नाही.

## टप्पा २: अंदाजाच्या मागे जा, जिभेपर्यंत

हा टप्पा सर्वांत जास्त वेळ घेतो, आणि घेऊ द्या. प्रत्येक 'अं' वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: असं मला कशावरून वाटलं?

सुरमईपासून सुरुवात करू. शिळ्या मासळीला वास येतो, उग्र, अमोनियासारखा. तिचं मांस मऊ पडतं, बोटाने दाबलं की गिळगिळीत लागतं. माझ्या ताटातली तुकडी याच्या अगदी उलट होती. वास नव्हता, मांस घट्ट आणि कोरडंठाक, तोंडात दोऱ्यासारखे तंतू राहत होते. त्याची कारणं दोन असू शकतात: तुकडी जास्त वेळ तव्यावर राहिली, किंवा फ्रीझरमधून काढताना तिचं पाणी निघून गेलं. दोन्हीत मासा शिळा असेलच असं नाही. फ्रोजन आणि शिळं यांत फरक आहे, आणि मासे खाणारी माणसंही लिहिताना तो विसरतात.

मग सोबतच्यांच्या नोंदी पाहिल्या. माझी आणि बायकोची तुकडी पातळ होती, दोन्ही कोरड्या. मेव्हण्याची जाड होती आणि त्याच्या मते ती छान रसाळ होती. इथे तक्रार बदलली. एकाच भावाच्या तीन थाळ्यांत तुकड्यांची जाडी वेगवेगळी, आणि सगळ्या बहुधा एकाच वेळी तव्यावर. पातळ तुकड्या वाळल्या. 'शिळी' या शब्दावर स्वयंपाकी फक्त चिडला असता. ही तक्रार वाचून तो काहीतरी करू शकतो.

आता 'आठवडाभर फ्रीजमध्ये'. हे मी लिहिलं कारण जुलै होता. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, म्हणजे ही सुरमई फ्रीझरचीच, असा माझा हिशेब. पण पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, म्हणजे जुलैत तिकडच्या बोटी समुद्रात असतात आणि तिकडून बर्फातली मासळी इकडे येऊ शकते. माझा हिशेब तिथेच कोसळला.

तरी एक गोष्ट शिल्लक राहिली. त्यांच्या फळ्यावर लिहिलं होतं, 'रोज मालवणहून ताजी मासळी'. बंदीच्या काळात ही ओळ तशीच ठेवली असेल तर प्रश्न विचारणं रास्त आहे. बंदी यांत्रिक बोटींना आहे, बिगर-यांत्रिक पारंपरिक होड्यांना नाही, त्यामुळे दावा खोटा आहे असं मी म्हणू शकत नाही. मी काउंटरवर विचारलं होतं, 'सुरमई आज कुठून आलीय?' उत्तर आलं, 'ताजीच आहे साहेब.' माझा प्रश्न आणि त्यांचं उत्तर, एवढंच रिव्ह्यूत जाईल.

सोलकढीचं लवकर आटोपतं. 'पावडरची' हा अंदाज. जिभेला लागलं ते असं: पातळ, आमसुलाचा आंबटपणा होता, लसूण होता, नारळाच्या दुधाचा साईसारखा जाडपणा नव्हता. तेच लिहायचं.

तिसऱ्यांत 'चमचाभर वाळू' नव्हती. बशीत साधारण वीस शिंपल्या होत्या, त्यातल्या आम्ही दहाएक खाल्ल्या आणि चारांत कचकच लागली. तिसऱ्या शिजवण्याआधी काही तास मिठाच्या पाण्यात ठेवतात, म्हणजे त्या पोटातली रेव टाकतात. ते नीट झालं नाही की असं होतं. दहात चार ही संख्या 'चमचाभर'पेक्षा जास्त लागते, कारण ती वाचणाऱ्याला पटते.

तपासणी: या टप्प्यानंतर प्रत्येक वाईट पदार्थापुढे निदान एक अशी खूण हवी जी दुसरा माणूस ताटात स्वतः पाहू शकेल: कोरडी, रेव, पातळ, थंड, करपलेली, कच्च्या वाटणाचा वास. 'बेकार', 'भंगार', 'थर्ड क्लास' यांत अशी खूण नसते.

## टप्पा ३: पोट बिघडल्याचं वाक्य वेगळं काढा

हे वाक्य सर्वांत धोक्याचं, म्हणून त्याला स्वतंत्र जागा.

आपण शेवटच्या बाहेरच्या जेवणाला दोष देतो. पण अन्नातून होणाऱ्या आजारांचा वेळ एकसारखा नसतो. काही जंतूंचं विष एक ते सहा तासांत उलट्या आणतं, तर साल्मोनेलासारख्या जंतूला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो. आईला त्रास सुरू झाला रात्री दहाला, जेवणानंतर साडेसात तासांनी. तिने बांगडा थाळी खाल्ली होती. तीच थाळी भाचीनेही खाल्ली, तिला काही झालं नाही. शिवाय संध्याकाळी आईने शेजारच्या पूजेचा प्रसाद घेतला होता. एवढ्यावर 'फूड पॉयझनिंग' लिहिणं म्हणजे पुराव्याशिवाय आरोप. वाक्य पूर्ण काढलं. 'कदाचित फूड पॉयझनिंग' असंही ठेवलं नाही. 'कदाचित' लावलं तरी वाचणारा ते दोन शब्दच लक्षात ठेवतो.

कधी ठेवायचं? एकच पदार्थ खाल्लेल्या दोघा-तिघांना त्रास झाला आणि तो न खाल्लेल्यांना झाला नाही, तेव्हा. बांगडा, सुरमई, टूना अशा माशांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. हे मासे पकडल्यावर पुरेसे थंड ठेवले नाहीत तर त्यांत हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत तोंडाची आग, चेहरा लाल होणं, डोकं दुखणं सुरू होतं. असं झालं तर आधी डॉक्टर, मग अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार. बिलावर हॉटेलचा १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक असायला हवा, तो तक्रारीत द्या. तिथे तपासणी होऊ शकते. रिव्ह्यूतून ती होत नाही.

इशारा: भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६खाली बदनामी हा गुन्हा आहे, आणि 'मी खरं तेच लिहिलं' एवढ्यावर सुटका होत नाही. ते लोकहितासाठी होतं हेही दाखवावं लागतं. खाल्लेल्या पदार्थाबद्दलचं प्रामाणिक मत आणि 'यांनी विषबाधा केली' हा आरोप या फार वेगळ्या गोष्टी आहेत.

## टप्पा ४: जिथे मसुदा कमी पडला तिथे धार वाढवा

लोक हा टप्पा गाळतात, म्हणून त्यांचे दुरुस्त रिव्ह्यू मिळमिळीत होतात. बिल आणि फोटो पुन्हा घ्या आणि शोधा: रागाच्या भरात नेमकं काय लिहायचं राहिलं?

माझ्याकडे दोन गोष्टी निघाल्या. पहिली, उचलून नेलेल्या तिसऱ्यांचे ३२० रुपये. इथे माझ्या बाजूचंही सांगायला हवं: पैसे भरताना आमच्या ते लक्षात आलं नाही, घरी बिल वाचताना आलं. म्हणून सोमवारी फोन केला. चूक त्यांनी मान्य केली आणि 'पुढच्या वेळी वजा करू' म्हणाले. पैसे परत करण्याबद्दल काही बोलले नाहीत. असा फोन रिव्ह्यू टाकण्याआधी करा. उत्तर काहीही आलं तरी रिव्ह्यू पक्का होतो.

दुसरी, सर्व्हिस चार्ज. मसुद्यात 'गुपचूप घुसडला' होतं. तो बिलात छापलेला होता, म्हणजे गुपचूप नव्हता. आम्ही सांगितल्यावर त्यांनी वाद न घालता काढला आणि आम्ही २५८३ रुपये भरले. पण विचारल्यावर काढणं पुरेसं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलने सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचाच नसतो, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. 'घुसडला' हा शब्द गेला, आणि त्या जागी आलेलं वाक्य हॉटेलला जास्त अडचणीचं आहे.

याच टप्प्यावर चांगलं काय होतं तेही पाहा, पण ते खरंच असेल तरच. आमच्याकडे होतं: तांदळाची भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती आणि बांगडा चांगला होता. ही वाक्यं औषधाला गुळासारखी आधी-नंतर लावू नका. ती वाचणाऱ्याच्या कामाची आहेत, तिथे गेलाच तर काय मागवायचं ते सांगतात.

नेहमीची चूक: मोजपट्टी भलतीच धरणं. 'आमच्या वेंगुर्ल्याच्या आत्याच्या हातचं' हे माप कुठल्याही हॉटेलला लावू नये. माप हॉटेल स्वतःच देतं: त्याचा भाव आणि फळ्यावरचे दावे. ४८०च्या थाळीत सुरमई रसाळ असावी ही अपेक्षा वाजवी आहे.

## टप्पा ५: आता लिहा

क्रम असा ठेवतो: कधी, किती जण, काय खाल्लं. मग सर्वांत वाईट गोष्ट खुणांसकट. मग बाकीच्या तक्रारी. मग जे जमलं होतं ते. शेवटी आपण किती वेळा गेलो ते. एका भेटीवर लिहीत असाल तर तसं सांगा, पण त्याबद्दल माफी मागू नका. हॉटेलनेही त्या एका भेटीचे पूर्ण पैसे घेतले आहेत.

जे दुसऱ्याने खाल्लं ते 'सोबतच्यांच्या मते' असंच लिहा. 'कुणीही जाऊ नका' काढा आणि आपण काय करणार ते लिहा.

तयार झालेला रिव्ह्यू:

"जुलैतल्या एका रविवारी दुपारी आम्ही पाच जण गेलो. ही आमची पहिलीच भेट. तिसऱ्यांचं सुकं खाता आलं नाही. दहाएक शिंपल्या खाल्ल्या, त्यांतल्या चारांत रेव लागली. सांगितल्यावर बशी नेली, दुसरी दिली नाही, आणि ३२० रुपये बिलात लागले. हे आमच्या घरी आल्यावर लक्षात आलं. फोन केल्यावर त्यांनी चूक मान्य केली, 'पुढच्या वेळी वजा करू' म्हणाले. सुरमई थाळी ४८० रुपये. तीनपैकी दोन तुकड्या पातळ आणि कोरड्या होत्या, तिसरी जाड तुकडी सोबतच्यांच्या मते चांगली होती. एका भावात इतका फरक नको. फळ्यावर 'रोज मालवणहून ताजी मासळी' आहे. सुरमई कुठून आली विचारल्यावर 'ताजीच आहे' एवढंच उत्तर मिळालं. सोलकढी पातळ, नारळाचं दूध जाणवलं नाही. थाळी यायला ३७ मिनिटं लागली. १० टक्के सर्व्हिस चार्ज बिलात आधीच लावला होता, सांगितल्यावर लगेच काढला. तो मुळात लावायलाच नको. भाकऱ्या गरम येत होत्या, आणि बांगडा थाळी (३५०) घेतलेल्या दोघींना ती आवडली. सुरमई आणि तिसऱ्यांसाठी मी पुन्हा जाणार नाही. दोन स्टार."

## टप्पा ६: टाकण्याआधी दोन परीक्षा

पहिली परीक्षा वाचणाऱ्याची. तिथे न गेलेल्या माणसाला रिव्ह्यू द्या आणि विचारा, 'तू तिथे सुरमई मागवशील का?' 'हो, काय हरकत आहे' असं उत्तर आलं तर तुम्ही जास्त पाणी घातलं आहे. टप्पा २ मधल्या खुणा परत आणा.

दुसरी परीक्षा स्वयंपाक्याची. त्याच्या जागी बसून वाचा. उद्या सकाळी काय वेगळं करायचं ते त्याला कळतं का? माझ्या पहिल्या मसुद्यातून त्याला काहीच कळलं नसतं. दुसऱ्यातून तीन कामं कळतात: तिसऱ्या जास्त वेळ पाण्यात ठेवणं, तुकड्या एकसारख्या कापणं, सोलकढीत नारळ वाढवणं.

स्टार सर्वांत शेवटी द्या, आणि मजकुराला जुळतील असे. एक स्टार मी अशा जागेसाठी ठेवतो जिथे ताटातलं काहीच खाण्यासारखं नव्हतं. इथे दोन थाळ्या चांगल्या होत्या.

टाकल्यावर हॉटेलचं उत्तर आलं आणि त्यांनी पैसे परत केले, तर मजकूर पुसू नका, स्टारही गुपचूप बदलू नका. खाली तारीख घालून एक ओळ जोडा: 'हॉटेलने ३२० रुपये परत केले.' आमच्याकडे ती ओळ नवव्या दिवशी जोडावी लागली. सुरमईबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही, म्हणून ते वाक्य होतं तसंच आहे.